दृष्टिदोषाचं दिव्यांग प्रमाणपत्र: टक्के ठरतात कसे, अर्ज करायचा कुठे आणि हातात काय पडतं

डोळ्यांच्या प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या माणसांची कागदपत्रं लावून देणं, अर्ज भरून देणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "माझा उजवा डोळा पूर्ण गेलाय, मला किती टक्के मिळतील?" यावर माझा प्रश्न असतो, "डाव्याने कसं दिसतं?" हा प्रश्न ऐकून लोक चक्रावतात, कारण ते गेलेल्या डोळ्याबद्दल बोलायला आलेले असतात. पण दृष्टीच्या प्रमाणपत्रात मुख्य मोजमाप बऱ्या डोळ्याचंच होतं, तेही चष्मा लावून. हे आधी नीट समजलं तर अर्ज करायचा की नाही, कुठले रिपोर्ट न्यायचे आणि कोणत्या सवलतीची आशा धरायची हे बरंचसं घरीच ठरवता येतं. म्हणून अर्जाच्या पायऱ्या नंतर सांगतो, आधी टक्क्यांचं गणित.

टक्के कुठून येतात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दृष्टीचे दोन प्रकार धरले आहेत, अंधत्व आणि क्षीणदृष्टी. टक्के कसे काढायचे याचा तक्ता केंद्र सरकारने राजपत्रात दिलेला आहे आणि देशभरातल्या डॉक्टरांनी तोच वापरायचा असतो. म्हणजे कुणी डॉक्टर सढळ हाताने देतो आणि कुणी आखडतो, असं निदान कागदावर तरी असायचं कारण नाही.

तक्ता वाचायला आधी ६/३६ सारखे आकडे कळायला हवेत. डोळे तपासताना तुम्हाला फळ्यापासून सहा मीटरवर बसवतात. वरचा ६ म्हणजे ते अंतर. खालचा आकडा सांगतो की निरोगी डोळ्याला तीच ओळ किती मीटरवरून वाचता आली असती. ६/३६ म्हणजे धडधाकट डोळा छत्तीस मीटरवरून जी ओळ वाचेल ती वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे ६/६०. तेही दिसलं नाही तर तुम्हाला फळ्याजवळ आणतात किंवा डॉक्टर बोटं दाखवून मोजायला सांगतात. तीन मीटरवर बोटं मोजता आली तर ते साधारण ३/६० धरतात. त्याखाली हाताची हालचाल, मग फक्त उजेड जाणवणं आणि शेवटी उजेडही न जाणवणं.

आता तक्ता. बऱ्या डोळ्याने चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसत असेल, तर दुसऱ्या डोळ्याचं काहीही झालेलं असो, टक्के तीसच्या वर जात नाहीत. दुसरा डोळा ६/२४ ते ६/६० असेल तर १०, त्याखाली ३/६० पर्यंत २० आणि त्याहीखाली, अगदी डोळा काढून टाकलेला असला तरी, ३० टक्के. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे एक डोळा पूर्ण गेलेला पण दुसरा चांगला असलेला माणूस या रेषेच्या दहा टक्के अलीकडेच थांबतो. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं आणि एका डोळ्याने दुचाकी चालवताना किंवा जिना उतरताना खोलीचा अंदाज कसा चुकतो हे पाहिलं तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आजचा नियम असा आहे.

बरा डोळा ६/२४ ते ६/६० या पट्ट्यात आला की टक्के चाळीसपासून सुरू होतात. दुसरा डोळाही याच पट्ट्यात असेल तर ४०, दुसरा ३/६० पर्यंत उतरलेला असेल तर ५०, त्याच्याही खाली असेल तर ६०. बरा डोळा ६/६० च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल तर दुसऱ्याच्या स्थितीप्रमाणे ७० किंवा ८०. इथपर्यंत क्षीणदृष्टी. बऱ्या डोळ्यानेही ३/६० दिसत नसेल तर ते अंधत्व. १/६० पर्यंत ९० टक्के आणि दोन्ही डोळ्यांना केवळ हालचाल किंवा उजेड जाणवत असेल, किंवा तेही नसेल, तर १००.

फळा वाचता येतो पण चालता येत नाही

या तक्त्यात आणखी एक बाजू आहे आणि लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळे. समोरची अक्षरं वाचणं ही दृष्टीची एक बाजू, आजूबाजूला किती दिसतं ही दुसरी. या दुसऱ्या बाजूला दृष्टिक्षेत्र म्हणतात आणि ते अंशांत मोजतात. बऱ्या डोळ्याचं क्षेत्र केंद्राभोवती ४० अंशांच्या आत पण २० पर्यंत उरलं असेल तर किमान ४० टक्के, २० च्या आत पण १० पर्यंत असेल तर किमान ७०, आणि १० अंशांच्याही आत आक्रसलं असेल तर ९०. अर्धांगाच्या झटक्यानंतर कधीकधी दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते, ती मध्यबिंदूसकट गेलेली असेल तर तेही चाळीसच्या गटात बसतं.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा पुढे गेलेली काचबिंदूची केस यात मोडते. समजा, रेटिनायटिस असलेली चोवीस वर्षांची मुलगी आहे. फळ्यावर दोन्ही डोळ्यांनी ६/९ वाचते, मोबाइलवरचा मेसेज वाचते. पण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही, संध्याकाळनंतर एकटी बाहेर पडत नाही. ओपीडीत फक्त फळा वाचून घेतला तर तिचे टक्के शून्य येतात. तिचं दृष्टिक्षेत्र मोजलं आणि ते पंधरा अंश निघालं, तर तीच मुलगी ७० टक्क्यांत जाते. फरक एका तपासणीचा आहे.

त्या तपासणीला पेरिमेट्री म्हणतात, बोलताना सगळे "फील्ड टेस्ट" म्हणतात. अंधाऱ्या खोलीत, वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा आणि मधल्या दिव्यावरून नजर न हलवता कडेला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे, पण एकेका डोळ्याला काही मिनिटं लागतात आणि माणूस थकतो. नजर ठिपक्यांमागे पळाली की यंत्र ते नोंदवतं आणि रिपोर्टवर छापतं. असा रिपोर्ट प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या बोर्डासमोर नेला तर डॉक्टर तो भरवशाचा मानत नाहीत आणि पुन्हा करायला सांगतात. म्हणून टेस्ट करताना थकवा वाटला तर तंत्रज्ञाला थांबवायला सांगा, रिपोर्ट घेताना नजर स्थिर होती का हे विचारा आणि नसेल तर तिथेच दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. सरकारी रुग्णालयात यंत्र नसेल किंवा बंद असेल तर ही तपासणी बाहेरून करून रिपोर्ट सोबत नेला तरी चालतो. मात्र टक्के बोर्डाचेच डॉक्टर ठरवतात.

नुसता रातांधळेपणा किंवा रंगांधळेपणा याला या तक्त्यात स्वतंत्र टक्के नाहीत. त्यासाठी कुणी प्रमाणपत्राचं आमिष दाखवत असेल तर तिथून उठून यावं.

चष्म्याचा मुद्दा आणि एक उदाहरण

वरचे सगळे आकडे "शक्य तितक्या चांगल्या चष्म्यासह" मोजायचे असतात. डॉक्टर तपासताना डोळ्यासमोर एक काळी पट्टी धरतात, तिला बारीक भोक असतं. त्या भोकातून पाहिल्यावर दोन ओळी जास्त वाचता आल्या तर याचा अर्थ चष्म्याचा नंबर बदलून नजर सुधारू शकते आणि मग ते आधी नंबर काढायला पाठवतात. लोक याला टाळाटाळ समजतात, पण नियमाप्रमाणे ते बरोबर आहे.

एक केस पूर्ण करून पाहू. बावन्न वर्षांचे गृहस्थ, एका खासगी कारखान्यात स्टोअर सांभाळतात, पंधरा वर्षांचा मधुमेह, पडद्यावर रक्तस्राव झालेला, लेझर झालेलं, इंजेक्शनं चालू. चष्म्याशिवाय उजवा ४/६० आणि डावा २/६०. त्यांनी मोबाइलवर तक्ता शोधला आणि ८० टक्के धरून चालले. चष्म्यासह मात्र उजवा डोळा ६/३६ पर्यंत येतो, डावा २/६० वरच राहतो. बरा डोळा ६/२४ ते ६/६० च्या पट्ट्यात, दुसरा ३/६० च्या खाली, म्हणून ६० टक्के. शिवाय उपचार चालू असल्यामुळे नजर वर-खाली होण्याची शक्यता आहे, तेव्हा प्रमाणपत्र कायमचं न देता काही वर्षांच्या मुदतीचं मिळालं. या साठ टक्क्यांत त्यांना काय मिळालं आणि काय नाही, ते सवलतींच्या भागात सांगतो.

मोतीबिंदूचंही असंच आहे. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे दिसत नसेल तर बोर्ड सहसा आधी शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगतं, कारण ती नजर परत येण्यासारखी असते. शस्त्रक्रियेनंतर पडदा किंवा नस खराब असल्यामुळे दिसत नसेल, तर त्या स्थितीवर टक्के मिळतात.

अर्ज

आता प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, दोन्हीचा अर्ज एकच असतो. तो swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर भरायचा. पूर्वी महाराष्ट्रात वेगळ्या संगणकप्रणालीतून प्रमाणपत्रं निघत, त्याआधी हाताने लिहिलेली. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही आता याच संकेतस्थळावर नोंद करून घ्यावी, कारण योजना यूडीआयडीचा क्रमांक मागतात.

अर्जाला बसण्यापूर्वी आधार कार्ड समोर ठेवा. नाव, जन्मतारीख आणि पत्ता आधारवर आहे तसाच टाकायचा. लग्नानंतर आडनाव बदललेलं पण आधारवर माहेरचं नाव, किंवा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला, या दोन गोष्टींवर जितके अर्ज अडकतात तितके डोळ्यांच्या कारणावरून अडकत नाहीत. असं काही असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. सोबत सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. फोटो आणि कागदपत्रांचा आकार किती केबीपर्यंत चालतो ते त्या त्या रकान्याशेजारी लिहिलेलं असतं. मोबाइलचा फोटो तसाच टाकला तर बहुतेक वेळा तो मोठा असल्यामुळे घेतला जात नाही.

मुखपृष्ठावर "Apply for UDID" निवडलं की फॉर्म उघडतो. वैयक्तिक माहिती आणि पत्ता झाल्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार विचारतात. तिथे Blindness किंवा Low Vision यांपैकी एक निवडायचं. कुठलं निवडावं यात फार अडकू नका, अंतिम प्रकार डॉक्टरच ठरवतात. मात्र Low Vision च्या ऐवजी चुकून भलताच प्रकार निवडला गेला तर अर्ज दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांकडे जातो आणि तुम्ही डोळ्यांच्या ओपीडीत वाट पाहत बसता.

पुढचा महत्त्वाचा रकाना रुग्णालयाचा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातलं अधिकृत रुग्णालय निवडता येतं, किंवा तुमचे उपचार जिथे चालू आहेत ते सरकारी रुग्णालय. कोल्हापूरचा विद्यार्थी पुण्यात शिकत असेल आणि त्याच्या डोळ्यांवर ससूनमध्ये उपचार चालू असतील तर तो तिथला केसपेपर जोडून ससून निवडू शकतो. जिल्ह्यात जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीतलं रुग्णालय, काही उपजिल्हा रुग्णालयं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं असे पर्याय यादीत दिसतात. दृष्टीच्या केससाठी मी शक्यतो वैद्यकीय महाविद्यालय निवडायला सांगतो, कारण तिथे फील्ड टेस्ट आणि पडद्याच्या तपासण्या एकाच आवारात होण्याची शक्यता जास्त. खासगी डॉक्टरांचं पत्र, ते कितीही नामांकित असोत, प्रमाणपत्र म्हणून चालत नाही, पण तपासणीचा पुरावा म्हणून फार उपयोगी पडतं.

अर्ज पाठवल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो, तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा किंवा घरच्यांना पाठवून ठेवा. संकेतस्थळावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची पायरी ज्यांना दिसत नाही त्यांना नीट पार करता येत नाही, हा या सोयीतला मोठा विनोद आहे. घरात कुणी नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरून मिळतो. तिथे आधारचा ओटीपी येणारा मोबाइल सोबत न्यायला विसरू नका, आणि ओटीपी त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः सांगा. मोबाइल काउंटरवर सोडून येऊ नका.

बोर्डाचा दिवस

काही ठिकाणी तारीख संदेशाने येते, काही ठिकाणी डोळ्यांचं बोर्ड ठरावीक वारी बसतं आणि अर्जाची प्रत घेऊन थेट जावं लागतं. आधी फोन करून किंवा कुणाला पाठवून वार विचारून घ्या, कारण बाकीच्या दिवशी हाडांचं किंवा कानांचं बोर्ड असू शकतं.

सकाळी आधी केसपेपर काढायचा. सोबत मूळ आधार, अर्जाची प्रत, फोटो आणि डोळ्यांचे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या: शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज पेपर, लेझर किंवा इंजेक्शनच्या नोंदी, पडद्याचा स्कॅन, फील्ड टेस्ट. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे सध्याच्या नंबरचा चष्मा. चष्मा घरी ठेवला तर टक्के वाढतील असा सल्ला रांगेत हमखास कुणीतरी देतं. डॉक्टर तिथल्या भिंगांनीच नंबर काढतात, त्यामुळे त्याने टक्के वाढत नाहीत, वेळ मात्र जातो.

तपासणीचा क्रम साधारण असा असतो. आधी फळा, प्रत्येक डोळा वेगळा झाकून. मग चष्म्यासह आणि भोकाच्या पट्टीतून. त्यानंतर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा पाहतात. थेंब टाकल्यावर तीन-चार तास जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून सोबत कुणीतरी हवं आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नये. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात थेंब टाकून घेऊन येऊ नका, मग फळ्याची तपासणी बिघडते.

रुग्ण सांगतो ते आणि डोळ्यात दिसतं ते जुळत नसेल तर डॉक्टर नसेपासून मेंदूपर्यंतचा संदेश मोजणारी व्हीईपी किंवा पडद्याचा स्कॅन सांगतात. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. खोटी प्रमाणपत्रं काढणाऱ्यांमुळे तपासणी कडक झाली आहे आणि खोटेपणाने सवलत घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही आहेत. "इतके टक्के करून देतो" म्हणणारा दलाल रुग्णालयाच्या फाटकाजवळ भेटला, तर त्या शिक्षेत तो तुमच्या बाजूला उभा राहणार नाही एवढं लक्षात ठेवा.

निकाल, कार्डाचा रंग आणि मान्य नसेल तर

नियमांत २०२४ साली झालेल्या बदलानुसार अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. पूर्वी ही मुदत एक महिन्याची होती. त्याच बदलात असंही आलं की अर्जदार तपासणीला गेलाच नाही आणि अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर तो रद्द धरला जातो आणि नव्याने अर्ज करावा लागतो.

मंजूर झाल्यावर प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्ही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, टपालाने येणाऱ्या कार्डाची वाट पाहायची गरज नाही. कार्डाला आता रंग आहेत. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० किंवा वर निळा. हातात येताच नाव, प्रकार, टक्के आणि मुदत वाचून किंवा वाचून घेऊन तपासा. मुदतीच्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. "पुनर्तपासणीची गरज नाही" असं असेल तर ते कायमचं. वर्षांचा उल्लेख असेल तर त्या तारखेनंतर ते कार्ड सवलतीपुरतं निरुपयोगी होतं.

टक्के कमी वाटत असतील तर आधी स्वतःच वरचा तक्ता लावून पाहा. चष्म्यासहचे दोन्ही डोळ्यांचे आकडे केसपेपरवर लिहिलेले असतात. आकडे आणि टक्के जुळत नसतील, किंवा तुमचा फील्ड रिपोर्ट विचारातच घेतला गेला नसेल, तर दाद मागायला जागा आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्या. अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. ते कुणाकडे करायचं हे जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात विचारावं आणि अपिलाला केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती जोडाव्यात. आकडे जुळत असतील आणि तरीही टक्के कमीच वाटत असतील, तर अपिलाने काही हाती लागत नाही. नजर आणखी उतरली तर पुन्हा तपासणीसाठी अर्ज करता येतो.

सवलती: टक्क्यांच्या पायऱ्या

सवलती एकाच रेषेवर नाहीत. चाळीस टक्के हा मुख्य उंबरठा, पण त्यापुढे प्रत्येक खात्याची स्वतःची रेषा आहे. ती माहीत नसल्यामुळे खिडकीवर वाद होतात.

एसटीचं उदाहरण घ्या. ४० टक्क्यांपासून साध्या आणि निमआराम बसमध्ये तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. सोबतच्या मदतनिसाला ५० टक्के सवलत आहे, पण ती प्रवाशाचं दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. वरच्या उदाहरणातले स्टोअरवाले गृहस्थ साठ टक्क्यांचे, म्हणून त्यांना सवलत आहे, त्यांच्यासोबत जाणाऱ्या बायकोला मदतनीस म्हणून नाही. रेटिनायटिसवाल्या मुलीचे ७० टक्के, तिच्या आईला मिळते.

रेल्वेचं गणित निराळं. तिथे दृष्टिदोषाची सवलत पूर्ण दृष्टिहीनांसाठी आहे. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात ७५ टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. क्षीणदृष्टीचं कार्ड, मग ते सत्तर टक्क्यांचं का असेना, तिथे चालत नाही. जे पात्र आहेत त्यांनाही रेल्वेच्या स्वतःच्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांची सही घेऊन रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. म्हणून पात्र असाल तर बोर्डाच्या दिवशीच रेल्वेचा नमुना सोबत न्या आणि त्याच फेरीत सही मागा.

पगारदारांसाठी आयकरात ८०यू या नावाने ओळखली जाणारी वजावट आहे: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, प्रमाणपत्र पुरतं. पण ही जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत निवडली असेल तर नाही. म्हणून स्टोअरवाल्यांना मी आधी त्यांच्या ऑफिसच्या हिशेबनिसाकडे पाठवलं, दोन्ही पद्धतींत कर किती बसतो हे काढायला. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये कापला जाणारा व्यवसाय करही कायम दिव्यांगत्व असलेल्यांना माफ आहे. त्यांचं प्रमाणपत्र मुदतीचं असल्यामुळे तिथे मात्र कार्यालयाने शंका काढली. मुदतीच्या कार्डाचे तोटे असे एकेक करून कळतात.

उत्पन्न फार कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना दीड हजारावरून अडीच हजार करण्यात आलं. याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. गावात याची दवंडी कुणी पिटत नाही. ग्रामसेवकाकडे कार्डाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि यंदा हा निधी कशावर खर्च होणार ते विचारा.

सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातली एक टक्का अंध आणि क्षीणदृष्टी यांच्यासाठी. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा. दोन्हीकडे उंबरठा चाळीसचाच. पद दृष्टिहीनांसाठी योग्य ठरवलेलं आहे का, हे जाहिरातीत पदापुढे लिहिलेलं असतं, तेवढं अर्ज करण्यापूर्वी पाहावं.

परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. चाळीसच्या आत असलेल्यांनी इथे मात्र लगेच मागे फिरू नये. लेखनिक केवळ चाळीस टक्क्यांवाल्यांनाच, असं म्हणता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि केंद्राने २०२२ मध्ये चाळीसच्या आतल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण आहे असं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ते परीक्षेच्या अर्जासोबतच द्यावं लागतं, हॉल तिकीट आल्यावर नाही.

मुदतीचं कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी मुदत संपायच्या निदान चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा. निर्णयाला तीन महिने लागू शकतात आणि मधल्या काळात संजय गांधीचे पैसे थांबले तर ते पुन्हा सुरू करायला तहसीलचे हेलपाटे वेगळे. तपासणीला जाताना जुना केसपेपर आणि आधीचा फील्ड रिपोर्ट घेऊन जा, म्हणजे नजर किती बदलली हे डॉक्टरांना दोन कागद शेजारी ठेवून पाहता येतं.